उंची एकदाच मोजायची

रविकांत गावंडे पुणं सोडून केनवडला परत आला, तेव्हा विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, की बाबांसाठी आलो. ते निम्मं खरं होतं. त्याच्या वडिलांना, नानाजींना, अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. पण झटक्याच्या आधीच रविकांतची नोकरी गेली होती, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. एका बँकेच्या जुन्या प्रणालीची देखभाल करणारं त्याचं पथक कंपनीनं एका सकाळी बंद केलं. पंधराएक वर्षं त्यानं तेच काम केलं होतं आणि ते त्याला उत्तम येत होतं. बाहेर आल्यावर कळलं, की त्या कामाबद्दल आता कुणी काही विचारतच नाही.

मुलाखतींत विचारत ते भलतंच. कॉलेजात शिकलेली आणि नंतर कधीच न लागलेली गणितं. समोर पंचविशीतली पोरं बसायची, पडद्यावर एक कोरं पान उघडून द्यायची आणि म्हणायची, लिहा. तो लिहायचा, अडखळायचा, आणि दोन-चार दिवसांनी नकाराचं पत्र यायचं. गोड भाषेतलं, प्रत्येक कंपनीचं अगदी सारखं.

शीला, त्याची बायको, यातलं काही बोलून दाखवत नसे. सासऱ्याचं सगळं तीच करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. झटक्यानंतर नानाजींना गिळताना त्रास होई. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की पातळ काही द्यायचं नाही, घट्ट पेजच द्यायची, तीही बसवून, आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. खाल्लेलं वर आलं आणि छातीत उतरलं तर सांभाळणं कठीण जाईल. शीलानं हे असं अंगी बाणवलं होतं, की पेज देऊन झाली की ती नानाजींच्या पाठीला आपली पाठ टेकून तूर निवडत बसायची. ते कलंडू नयेत म्हणून.

नानाजींना बोलता येत नव्हतं. पण डावा हात चालत होता. त्या हातात ते स्टीलचा गिलास धरत आणि लोखंडी खाटेच्या कडेवर आपटत. पाणी हवं तरी आपटत, कूस बदलायची असली तरी, आणि पुष्कळदा कुणीतरी नुसतं येऊन उभं राहावं म्हणूनही आपटत. रविकांत धावत जायचा, विचारायचा, "काय पाह्यजे, बाबा?" आणि नानाजी त्याच्याकडे नुसतं बघत राहायचे. असं दिवसातून कितीदा तरी.

आता पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत ठरली होती, शेवटच्या फेरीची. आधीच्या दोन फेऱ्या त्यानं पार पाडल्या होत्या. इतक्या पुढं तो वर्षभरात कुठंच पोचला नव्हता.

मुलगी शाळेत गेली होती, आणि नेमकं त्याच दिवशी शीलाला रिसोडला जावं लागलं. नानाजींची रक्त पातळ ठेवायची गोळी संपली होती आणि केनवडात ती मिळत नव्हती. निघताना ती दारात थांबली.

"पेज झाकून ठेवली हाय. बसवूनच द्या. अन् दिल्यावर लगेच निजवू नका, मी सांगून राह्यली."

"माहीत आहे मला."

"तुमाले माहीत हाय, पण तुमचं ध्यान आज त्या कम्प्युटरात हाय." ती चप्पल घालत म्हणाली. "मी दुपारच्या गाडीनं येतोच."

त्यानं पेज दिली. बसवून दिली, चमचा-चमचा करत दिली. नानाजींनी सगळी खाल्ली. त्यांना उशीला टेकवून तो शेजारी बसला आणि फोनवर जुनी टिपणं चाळू लागला. मग संदेश आला, की मुलाखत घेणाऱ्या मॅडम मोकळ्या आहेत, वेळेआधी सुरू करता येईल का? नाही म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. नानाजी एकटे बसले तर कलंडतील, खाटेवरून पडतील, या भीतीनं त्यानं त्यांना आडवं केलं. पेज देऊन फार वेळ झाला नव्हता, हे त्याला कळत होतं. डोकं जरा उंच ठेवलं की झालं, असं म्हणून त्यानं दोन उशा दिल्या, गिलास डाव्या हाताशी ठेवला आणि मधलं दार लोटून घेऊन तो बाहेरच्या खोलीत कम्प्युटरसमोर बसला.

मुलाखत घेणारीचं नाव पल्लवी. वय तिशीच्या आत, आवाज शांत. इंग्रजीत सुरुवात झाली, पण त्याचं गाव कळल्यावर ती आपणहून मराठीत आली.

"साधाच प्रश्न आहे," ती म्हणाली. "एक बायनरी ट्री आहे. म्हणजे प्रत्येक नोडला जास्तीत जास्त दोन मुलं, एक डावं, एक उजवं. तो उंचीनं समतोल आहे का ते सांगायचं. कुठल्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक नको."

हा त्याला आठवत होता. कॉलेजात फळ्यावर काढलेलं ते उलटं झाड आठवलं, मूळ वर, फांद्या खाली आणि प्रत्येक फाट्यावर एक नोड. त्यानं लिहायला घेतलं. उंची काढणारं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा: रिकाम्या जागेची उंची शून्य, नाहीतर दोन मुलांपैकी ज्याची उंची जास्त त्यात एक मिळवायचा. मग दुसरं फंक्शन: नोडवर उभं राहायचं, डाव्याची उंची काढायची, उजव्याची काढायची, फरक जास्त असला तर नाही म्हणायचं, नसला तर दोन्ही मुलांवर जाऊन हेच पुन्हा करायचं. चालवून बघितलं. उत्तरं बरोबर आली. त्याला हलकं वाटलं.

"बरोबर आहे," पल्लवी म्हणाली. "आता मला सांगा, अगदी खालच्या एका नोडला तुमचा प्रोग्रॅम किती वेळा भेट देतो?"

तो पडद्यावर बोट ठेवून वरून खाली मोजू लागला.

"मुळाशी उभे राहून तुम्ही उंची मोजता," ती सांगू लागली, "तेव्हा पार खालपर्यंत जाऊन येता. मग एक पायरी खाली उतरता, आणि तिथून परत खालपर्यंत. मग आणखी एक पायरी. त्या बिचाऱ्याच्या वर जितके पूर्वज, तितक्या वेळा तो मोजला जातोय. झाड समतोल असलं तरी हे होतं. आणि वरून ठीक दिसणारं पण आत वेडंवाकडं झाड असलं, तर फारच महाग पडतं. मला प्रत्येक नोड एकदाच मोजलेला हवा."

रविकांतनं पडद्याकडे पाहिलं. स्वतःच लिहिलेल्या ओळी त्याला अनोळखी वाटू लागल्या. मोजलेल्या उंच्या कुठंतरी जपून ठेवायच्या? तसं तो म्हणाला.

"चालेल. पण त्याला जागा लागेल. जपून न ठेवता जमेल का, बघा."

तेवढ्यात आतून गिलास वाजला. ठण्. थोडं थांबून पुन्हा, ठण्, ठण्.

आता नको बाबा, तो मनात म्हणाला.

"एक विचारू?" पल्लवी म्हणाली. "उंचीचं फंक्शन एखाद्या नोडवरून परत वर येतं, तेव्हा त्याच्या हातात काय काय असतं?"

"उंची असते. त्या नोडची."

"आणि त्याच्या जरा आधी?"

त्याच्या आधी डाव्या मुलाची उंची असते. आणि उजव्याची. दोन्ही. त्याच जागी, त्याच क्षणी. मग फरक तिथंच का बघायचा नाही? कुणीतरी आतून कडी काढावी तसं त्याला झालं. वरून खाली बघत मोजायचंच कशाला? एकदाच खाली जायचं, आणि परत येताना खालून वर तपासत यायचं. दुसऱ्या फंक्शनची गरजच नाही.

गिलास वाजत होता. आता थांबून थांबून नाही, भराभर.

"पण मग एकाच फंक्शनला दोन गोष्टी सांगाव्या लागतील," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, गिलासाचा ठणठणाट झाकायला की उत्साहानं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. "उंची सांगायची, आणि खाली कुठं बिघडलंय का, हेही."

"बरोबर. कसं सांगाल?"

"उंची कधी शून्याच्या खाली जात नाही. मग बिघडलेलं असलं तर उणे एक परत पाठवायचा. समतोल असलं तर खरी उंची."

पल्लवी पहिल्यांदा हसली. मग तिनं मान जरा तिरकी केली. "तुमच्याकडे काही आवाज येतोय का? ठोकल्यासारखा? थांबायचं असेल तर थांबू या. मला घाई नाही."

पुढं कितीतरी दिवस रविकांतला ही जागा आठवत राहिली. दार लोटलेलं होतं, चार पावलांवर. समोरची बाई भली होती. ती खरंच थांबली असती.

"नाही, नाही," तो म्हणाला. "शेजारी बांधकाम चालू आहे."

"बरं. लिहा मग."

तो लिहू लागला. रिकामी जागा शून्य. डाव्याची उंची घ्यायची, उजव्याची घ्यायची. फरक एकाहून जास्त, तर उणे एक. नाहीतर मोठीत एक मिळवून परत. शेवटी मुळाशी उणे एक आला तर झाड समतोल नाही, दुसरं काही आलं तर आहे.

पल्लवीनं एक झाड दिलं: एकाखाली एक असे चार नोड, सगळे डावीकडे. दोरीसारखं. ते समतोल नाही, हे कुणीही डोळ्यांनी सांगेल. प्रोग्रॅम म्हणाला, समतोल आहे.

रविकांत वाकून एकेक ओळ वाचू लागला. सगळ्यात खालचा नोड: उंची एक. त्याच्या वरचा: डावीकडे एक, उजवीकडे शून्य, फरक एक, चालतं, उंची दोन. त्याच्या वरचा: डावीकडे दोन, उजवीकडे शून्य. फरक दोन. बिघडलं. उणे एक. इथवर ठीक. मग सगळ्यात वरचा: डावीकडून आला उणे एक, उजवीकडे शून्य.

आतला गिलास एकदा जोरात वाजला आणि फरशीवर पडून घरंगळत गेल्याचा आवाज आला. मग काही नाही. बरं झालं, झोपले असतील, असं त्याच्या मनात आलं. झोपणारा माणूस गिलास टाकून देत नाही, हेही लगोलग आलं. आणि तरी त्याची नजर त्या दोन आकड्यांवरून हलली नाही. उणे एक आणि शून्य. यांच्यातला फरक किती?

एक. फक्त एक. म्हणून वरच्या नोडला वाटलं, सगळं ठीक आहे. खालून आलेला बिघाडाचा निरोप त्यानं उंची म्हणून वाचला, वजाबाकी केली आणि विसरून गेला.

"सापडलं," तो म्हणाला. "फरक काढायच्या आधीच विचारायला पाहिजे. डावीकडून उणे एक आला, तर उजवीकडे जायचंच नाही, तिथूनच उणे एक वर पाठवायचा. उजवीकडून आला तरी तसंच. निरोप मुळापर्यंत जसाच्या तसा गेला पाहिजे."

दोन ओळी वाढवल्या. चालवलं. चार नोडांचं झाड: समतोल नाही. मग पल्लवीनं लाखभर नोडांचं एक समतोल झाड लावलं. उत्तर पापणी लवायच्या आत आलं.

"छान," ती म्हणाली. "मनापासून सांगते, चूक स्वतः शोधलीत ते मला जास्त आवडलं. लवकरच कळवतील तुम्हाला."

पडदा बंद झाला. तो क्षणभर तसाच बसला, चेहऱ्यावर हसू होतं. मग उठून त्यानं दार ढकललं.

नानाजी खाटेवर कुशीला कलंडले होते. उशी, सदरा, गळा, सगळीकडे पेज ओकलेली. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, आणि छातीतून घरघर येत होती, हुक्का ओढल्यासारखी. डोळे उघडे होते. ते दाराकडे लागले होते.

रविकांतनं त्यांना उचलून बसवलं, बोटानं तोंड साफ केलं, पाठ थोपटली, ओरडला. शेजारच्या चतुराबाई भिंतीपलीकडून धावत आल्या. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडीला उशीर होऊन शीला रिसोडहून उतरली तेव्हा अंगणात गर्दी होती. हातातली औषधाची पिशवी न ठेवता ती तशीच गाडीत चढली.

वाशीमच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "जेवल्यावर आडवं केलं होतं का?"

शीलानं नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," रविकांत म्हणाला. "बसवूनच दिलं होतं."

"किती वेळ असे होते?"

"मी आत गेलो आणि लगेच दिसलं."

डॉक्टरनं लिहून घेतलं. अन्न फुफ्फुसात उतरलं होतं, तिथं जंतू झाले, ताप चढला. नळ्या लागल्या, यंत्र लागलं. आठवडा पुरता झाला नाही तोच नानाजी गेले. शेवटपर्यंत त्यांना शुद्ध होती. रविकांत खाटेशी उभा राहिला की ते त्याच्याकडे बघायचे, आणि त्या नजरेत राग होता की नुसती ओळख, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरी मिळाल्याचं पत्र तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, फोनवर दिसलं. त्यानं ते वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. दुपारी चतुराबाई भांडी परत न्यायला आल्या आणि ओट्यावर टेकल्या. शीला समोर होती, रविकांत आत कपाट आवरत होता. म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं.

"लई वाजवला माय त्यायनं गिलास त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी मिरच्या वाळू घालून राह्यली होती. मले वाटलं, रवी घरीच हाय, तो जाईन. म्हणून मी आली नाही. आता जीवाले लागते, जाऊन पाह्यलं असतं तर."

चतुराबाई गेल्यावर शीला आत आली.

"आवाज येत होता तुमाले?"

तो कपाटाकडे तोंड करून उभा होता. खोटं बोलायला त्याच्याजवळ शब्द तयार होते, डॉक्टरला दिलेलेच. पण ते आले नाहीत.

"येत होता."

"मंग काहून नाही उठले?"

"मुलाखत चालू होती, शीला. प्रश्न सुटत आला होता. मला वाटलं, नेहमीसारखंच असेल."

"उठून नव्हतं जाता येत? त्यायनं नसतं जाऊ देल्लं?"

तो वळला. "तिनं विचारलं होतं. आवाज ऐकून तिनंच विचारलं, थांबायचं का. मी म्हणालो, शेजारी बांधकाम आहे."

शीला भिंतीला टेकली. हळूहळू खाली बसली.

"अन् निजवलं होतं? पेज देल्ल्यावर?"

"हो."

"डॉक्टरले नाही म्हटलं तुमी. माह्यासमोर. मी रिसोडच्या गाडीले उशीर झाला म्हणून सोताले दोष देत बसली इतके दिवस. तुमी ते पाहून राह्यले होते."

ती रडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काय होता तो प्रश्न?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच ऐकायचं होतं.

"एक झाड असतं," तो म्हणाला. "त्याच्या दोन बाजू सारख्या उंचीच्या आहेत का, ते बघायचं. दर फांदीवर. पण एकदा मोजलेलं परत मोजायचं नाही."

"अन् ते सुटलं."

"सुटलं."

"कुठं लागते ते?"

"कामात म्हणतेस? रोज नाही लागत. कदाचित कधीच नाही. माणसाला विचार करता येतो का, ते बघायला विचारतात. नोकरीचं पत्र आलंय."

शीलानं मान हलवली.

"नोकरी धरा तुमी," ती म्हणाली. "पोरीचं शिक्षण हाय. तिची परीक्षा झाली की पाहू. मी आत्ता येत नाही पुण्याले."

"परीक्षेनंतर येशील?"

"मले माहीत नाही. मले इचारू नका सध्या."

रविकांत पुण्याला गेला. चाकणच्या बाजूला एका खोलीत दोघा अनोळखी पोरांबरोबर राहू लागला. पल्लवीच्याच पथकात त्याला घेतलं होतं. ती सगळ्यांना सांगायची, की यांनी मुलाखतीत चूक कशी शोधली ते बघायला हवं होतं. लोक कौतुकानं बघायचे आणि तो मान खाली घालायचा. तिला ते नम्र वाटे. एकदा जेवताना तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं? तो म्हणाला, बायको आणि मुलगी. वडील? गेले, तो म्हणाला. कधी, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बिचारी जन्मभर स्वतःला विचारत बसली असती, की मी आणखी एकदा का विचारलं नाही.

काही महिन्यांनी नव्या मुलांच्या मुलाखती घ्यायचं काम त्याच्याकडे आलं. तो नको म्हणाला. कारण विचारलं तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही, आणि वरिष्ठांनी त्याच्याबद्दल कुठंतरी लिहून ठेवलं, की जबाबदारी घ्यायला कचरतो.

मुलीची परीक्षा झाली, सुट्टी लागली, नवं शालेय वर्षही केनवडातच सुरू झालं. रोज संध्याकाळी तो घरी फोन करतो. मुलगी बोलते, मग शीला फोन घेते. सोयाबीन कसं आहे, विहिरीला पाणी किती, छपराचे पत्रे बदलायचे का, सगळं ती नीट सांगते. जेवले का, विचारते. तो हो म्हणतो. पुण्याला कधी येशील, हे तो विचारत नाही, आणि ती म्हणते, ठेवते.